पुढच्या वर्षाचा पॉइंटर

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात (आणि त्यावरून मेसमध्ये चिडवू नये!). पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या भांडणातून तो निघाला ते भांडण मराठीत झालं. फोनवर, बाबांशी.

झालं असं, की गावच्या जमिनीच्या वाटणीतून बाबांना तीन लाख रुपये मिळाले. धाकटा भाऊ नुकताच अकरावीत गेलाय, म्हणजे दोन वर्षांनी त्याच्या ॲडमिशनला हे पैसे लागणार. तोपर्यंत एफडी करायची. बँकेचा दर एक वर्षाला ६.४० टक्के आणि दोन वर्षांना ६.७० टक्के (तिमाही चक्रवाढ वगैरे धरून, वर्षाला हातात प्रत्यक्ष पडणारा). बाबा म्हणाले, "तू ते फायनान्सचं इलेक्टिव्ह घेतलंयस ना, मग सांग. एक वर्षाची करून परत फिरवू, की एकदम दोन वर्षांची?"

मी कॅल्क्युलेटर काढला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाबा, या आकड्यांतूनच दिसतंय की पुढच्या वर्षी एक वर्षाचा दर सात टक्के होणार. मग आत्ता एकच वर्षाची करा!" माझा आकडा बरोबर होता. सल्ला साफ चुकीचा होता. हा आकडा कुठून येतो आणि सल्ला का चुकला, एवढंच इथे सांगायचं आहे.

एफडीच्या आधी झीरो कूपन बाँड बघू, म्हणजे सगळं स्वच्छ दिसेल. हा बाँड मधे एक पैसाही व्याज देत नाही. आज कमी किमतीला घ्यायचा, मुदत संपली की १०० रुपये घ्यायचे, विषय संपला. आपलं सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं रिझर्व्ह बँकेमार्फत विकतं, ती याच जातीची. त्याहून लांब मुदतीचा झीरो हवा असेल, तर नेहमीच्या सरकारी रोख्यातलं प्रत्येक व्याज आणि मुद्दल सुटं करून विकतात. त्याला स्ट्रिप्स म्हणतात. अमेरिकेत ही सोय १९८५ पासून आहे, आपल्याकडे २०१० पासून.

समजा आजच्या किमती अशा आहेत (माझे आकडे आहेत, बाजारातले नाहीत). एक वर्षाचा झीरो ९४.०० रुपये, दोन वर्षांचा ८७.९०, तीन वर्षांचा ८१.८० आणि चार वर्षांचा ७५.८०. ९४ चे वर्षात १०० होतात, म्हणजे ६.३८ टक्के. हा झाला एक वर्षाचा स्पॉट रेट. ८७.९० चे दोन वर्षांत १०० होतात. १०० भागिले ८७.९० करा, वर्गमूळ घ्या, १ वजा करा. आले ६.६६ टक्के. हा दोन वर्षांचा स्पॉट. तीन वर्षांना घनमूळ, ६.९३. इथपर्यंत कोणाचंही भांडण नाही.

आता गंमत बघा. दोन वर्षं मिळून सरासरी ६.६६ पडतात आणि त्यातल्या पहिल्या वर्षाला ६.३८ मिळतात, तर दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला किती आले? किमतींना सरळ भाग द्या. ९४.०० भागिले ८७.९० म्हणजे १.०६९४. दुसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड रेट ६.९४ टक्के. तसंच तिसऱ्या वर्षाचा ८७.९० भागिले ८१.८०, म्हणजे ७.४६ टक्के.

हॉस्टेलवर हे समजवायला वर्गमूळही लागत नाही. स्पॉट रेट म्हणजे सीजीपीए, फॉरवर्ड रेट म्हणजे त्या सेमिस्टरचा एसजीपीए! पहिल्या सेमनंतर पॉइंटर ६.३८, दुसऱ्यानंतर सीजीपीए ६.६६. मग दुसऱ्या सेमला किती पडले? ६.६६ ची दुप्पट वजा ६.३८, म्हणजे ६.९४. (चक्रवाढीमुळे दुसऱ्या दशांशात थोडा फरक पडू शकतो, पण हिशोब हाच.) सीजीपीए चढायचा असेल तर नव्या सेमचा पॉइंटर सीजीपीएच्या वर असावाच लागतो, म्हणून स्पॉट रेट चढत असताना फॉरवर्ड नेहमी त्याच्या वर दिसतो.

पण इथेच मी आपटले. एसजीपीए हा झालेल्या परीक्षेचा असतो. फॉरवर्ड हा न झालेल्या परीक्षेचा! मग तो नक्की काय आहे? आमच्या सरांनी व्हायव्हात मला हेच विचारलं, "हा ६.९४ कोण देणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "मार्केट, पुढच्या वर्षी." सर म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही. आज कोण देतंय ते सांगा." मी गप्प.

उत्तर असं आहे. आज दोन वर्षांचा एक झीरो विकत घ्या, ८७.९० रुपये गेले. तेवढेच पैसे उभे करायला एक वर्षाचे झीरो विका. ८७.९० भागिले ९४, म्हणजे ०.९३५१ इतका बाँड. आज खिशातून गेले शून्य. वर्षाने त्या विकलेल्या बाँडपोटी ९३.५१ रुपये द्यायचे, दोन वर्षांनी १०० रुपये घ्यायचे. म्हणजे एक वर्षानंतर ९३.५१ गुंतवले आणि त्यापुढच्या वर्षी १०० झाले, ६.९४ टक्क्यांनी, आणि हा दर आजच पक्का झाला. पुढच्या वर्षी बाजारात दर चार होवो की नऊ, तुमच्या ६.९४ ला काही होत नाही. तर फॉरवर्ड हा आज बांधून घेता येणारा दर आहे. भविष्य सांगणं त्याचं काम नाही.

(अर्थात तुमच्या-माझ्यासारख्याला बाँड असा उधार विकता येत नाही. ते मोठ्या खेळाडूंचं काम. पण ते तो विकू शकतात म्हणूनच किमती एकमेकींना धरून राहतात.)

आता बाबांच्या एफडीकडे. मुदत संपेपर्यंत व्याज आतच ठेवलं तर एफडी झीरोसारखीच वागते. दोन वर्षांनी ३ लाखांचे ३,४१,५४७ होतात. एक वर्षाची केली तर वर्षाने ३,१९,२००, आणि ते परत फिरवायचे. दोन्ही रस्ते सारखे कधी? पुढच्या वर्षी दर ७.०० मिळाला तर. हाच माझा तो सात टक्क्यांचा आकडा! म्हणजे माझं भाकीत अगदी तंतोतंत खरं ठरलं असतं, तरी बाबांना एक वर्षाच्या एफडीत फायदा शून्य होता. फायदा व्हायला दर सातच्या वर जायला हवा. ७.५० झाला तर साधारण १,६०० रुपये जास्त, ६.०० वर आला तर ३,२०० रुपये कमी. म्हणून सात हा "होणार" असलेला पॉइंटर नाही, बरोबरी साधायला लागणारा पॉइंटर आहे. "सीजीपीए ७ करायचा तर पुढच्या सेमला ८.२ लागतील" असं आपण म्हणतो तेव्हा ८.२ पडणारच असं कोणी समजतं का?

तरीसुद्धा "मार्केटला अमुक दर अपेक्षित आहे" असं सर्रास लिहिलं जातं. थोडं तथ्य आहे त्यात, नाही असं नाही. पण लांब मुदतीला पैसे अडकवणारा जोखमीचा मोबदला मागतो आणि तो मोबदलाही फॉरवर्डमध्ये मिसळलेला असतो. नुसत्या किमतींवरून अपेक्षा किती आणि मोबदला किती हे वेगळं काढता येत नाही. फामा आणि ब्लिस या दोघांनी १९८७ मध्ये अमेरिकन सरकारी रोख्यांवर हे तपासलं, तेव्हा पुढच्या एका वर्षात दर किती बदलतील हे सांगण्यात फॉरवर्ड फारच कच्चे निघाले (तीन-चार वर्षांच्या पल्ल्याला जरा बरे). अलीकडचं उदाहरण हवं असेल तर, तिथल्या फेडरल रिझर्व्हने डिसेंबर २००८ मध्ये दर जवळपास शून्यावर आणला आणि थेट डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा वाढवला. मधल्या वर्षांत फॉरवर्ड मात्र वरच्या दिशेनेच बोट दाखवत होते.

माझी दुसरी तक्रार आपल्या पेपरांबद्दल आहे. प्रश्नात किंमत दिलेली असते आणि ती जणू देवाने दिल्यासारखी पवित्र. फॉरवर्ड चार दशांशापर्यंत काढा, मार्क घ्या. पण तीन वर्षांच्या झीरोची किंमत ८१.८० ऐवजी ८१.९० धरली तर? दहा पैशांची तर चूक. स्पॉट ६.९३ चा ६.८८ होतो, लक्षातही येत नाही. पण तिसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड ७.४६ वरून ७.३३ वर पडतो आणि चौथ्या वर्षाचा ७.९२ वरून ८.०५ वर उडतो. सीजीपीएचा हिशोब आठवा. तिसऱ्या सेमचा पॉइंटर काढताना सीजीपीएला तीनने गुणावं लागतं, म्हणून चूकही तिप्पट होते. दहाव्या वर्षाला दहापट. सिग्नल्सचा पेपर दिलेल्यांना सांगायला नको, डिफरन्शिएट केलं की नॉइज वाढतोच.

आणि अशी चूक व्हायला कोणी मूर्ख असावं लागत नाही. आपल्याकडे सुट्या स्ट्रिप्सचे व्यवहार मूळ रोख्यांच्या मानाने फारच कमी होतात. एका मुदतीची किंमत सकाळची, दुसरीची कालची, की झाले दहा पैसे. ओळखायची खूण म्हणजे फॉरवर्डचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो, एक वर्ष खाली आणि लगेच पुढचं वर. असा दात दिसला की त्यात मार्केटचं मत शोधत बसू नये, त्या मधल्या मुदतीची किंमत परत तपासावी. माझ्या मते पेपरात एकदा तरी मुद्दाम एक किंमत बिघडवून द्यावी आणि "यातली शंकास्पद कोणती?" असं विचारावं. निम्मा वर्ग नापास होईल, मीही कदाचित.

शेवटी बाबांना परत फोन केला आणि चूक कबूल केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आपल्याला पैसे कधी लागणार आहेत?" दोन वर्षांनी, म्हटलं. "मग दोन वर्षांचीच करतो की. ॲडमिशनच्या वेळी कमी पडायला नकोत." शनिवारी जाऊन पावती करून आले. मामा अजून म्हणतोय, दर वाढणार आहेत, थांबायला हवं होतं. मी त्याला विचारलं, सातच्या वर जाणार का? त्यावर तो म्हणाला, ते कशाला हवंय तुला, वाढणार एवढं नक्की.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स