देवनागरी की रोमन? आधी समोरचा फोन बघा

संग्रामपूरहून शेगावला कॉलेजात जाताना तुम्ही मित्राला व्हॉट्सॲपवर `nighalo` टाकता, त्यात काही बिघडत नाही. तो तुमचं रोमन ओळखतो. पण घरी बाबांकडे बटणाचा फोन असेल, तर तिथं हिशेब बदलतो.

एका एसएमएसमध्ये रोमन १६० अक्षरं मावतात, देवनागरी सहसा ७०च. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, म्हणून ‘शाळा’ची चार होतात. रोमन मजकुरात एक ‘ळ’ जरी घुसला, तरी सगळ्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. शिवाय काही जुन्या फोनवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसतात. तेव्हा बाबांना रोमनच बरं, पण जपून. `Mala baghitla ka?` यात शेतातला मळा की घरातला माळा? अशा जागी सरळ `shetatla mala` लिहा.

प्राचार्यांना अर्ज मात्र देवनागरीतच हवा. इथं वेगळाच घोळ होतो. टायपिंगच्या दुकानात अजून कृतिदेव फॉन्ट चालतो. त्यात पडद्यावर ‘भारत’ दिसतं, पण फाइलमध्ये खरं तर `Hkkjr` हीच अक्षरं असतात. कृतिदेव नसलेल्या फोनवर वर्डची फाइल उघडली, की अख्खा अर्ज असाच दिसतो. (गंमत म्हणजे दुकानदाराला तो नीटच दिसत असतो!) म्हणून टाइप करतानाच युनिकोड मागा. नाहीच जमलं, तर पीडीएफ करून घ्या आणि पाठवण्याआधी आपल्या फोनवर उघडून बघा.