उमेदवाराला कुलूप, पक्षाला मोकळे दार

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून भारतीय जनसंघाचे कंवरलाल गुप्ता पराभूत झाले आणि काँग्रेसचे अमरनाथ चावला विजयी झाले. त्या वेळी दिल्लीत लोकसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा होती दहा हजार रुपये. ही मर्यादा चावलांनी ओलांडली, अशी तक्रार घेऊन गुप्ता न्यायालयात गेले. सभा झाल्या, मंडप पडले, ध्वनिक्षेपक लागले. पण त्यांचे पैसे उमेदवाराच्या हिशेबात दिसत नाहीत, हे त्यांचे म्हणणे. त्यावर ठरलेले उत्तर होते : हा खर्च उमेदवाराने नव्हे, पक्षाने केला.

गेल्या पन्नास वर्षांत निवडणूकखर्चाच्या कायद्यावर जे जे घडले, त्याचे बीज या एका उत्तरात आहे. आज वृत्तवाहिन्यांवर निवडणुकीतील पैशाची चर्चा सुरू झाली की ती नाकाबंदीत सापडलेल्या नोटांच्या बंडलांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. बेहिशेबी रोकड हा गंभीर प्रश्न आहेच. परंतु जो खर्च उजळ माथ्याने, धनादेशाने, पावती घेऊन करता येतो, त्याचे काय? कायद्यात बसणारा पैसा नागरिकानागरिकांतील समता कशी मोडतो, हे समजून घ्यायचे तर दिल्ली सदरच्या खटल्याकडे पुन्हा जावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांनी मांडलेले सूत्र सरळ होते. पक्षाने एखाद्या उमेदवाराच्या प्रचारासाठी खर्च केला, उमेदवाराला तो ठाऊक होता, त्याने त्याचा लाभ घेतला आणि तो नाकारला नाही, तर तो खर्च त्याच्या संमतीने झाला असे मानून त्याच्या खात्यात धरला पाहिजे. चावलांची निवड रद्द झाली. निकालपत्रातील त्यामागचा विचार अधिक मोलाचा आहे. मर्यादा कशासाठी? तर ज्याच्या गाठीला पैसा नाही त्यालाही धनवंताच्या बरोबरीने उभे राहता यावे, आणि निवडून आलेला माणूस देणगीदारांचा मिंधा होऊ नये, यासाठी. सामान्य माणसाला असलेली ही संधी हेच आपल्या लोकशाहीचे सार, असे न्यायालयाने मानले. पक्षाच्या नावाने कितीही खर्च करता येणार असेल, तर ज्याच्या पाठीशी श्रीमंत पक्ष आहे तो उमेदवार आणि ज्याच्या पाठीशी नाही तो उमेदवार, हे दोघे एकाच कायद्याखाली असूनही समान राहत नाहीत.

मात्र याच निकालात एक फट राहिली होती. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार, म्हणजे धोरणांचा, चिन्हाचा, नेतृत्वाचा प्रचार, न्यायालयाने वेगळा ठेवला. विशिष्ट उमेदवाराशी जोडता येईल एवढाच खर्च त्याच्या हिशेबात जाणार होता.

निकालाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच महिन्यात इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याला संसदेची मोहोर मिळाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले : पक्षाने, संघटनेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी सोडून अन्य कोणीही केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही. प्रलंबित खटल्यांनाही ही तरतूद लागू झाली. रायबरेलीच्या निवडणुकीविरुद्ध राजनारायण यांची याचिका तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयात चालू होती आणि मर्यादेपेक्षा अधिक खर्च हा तिच्यातील एक आरोप होता, हे येथे लक्षात ठेवावे. जून १९७५ मध्ये ती निवड रद्द झाली ती अन्य कारणांवरून. खर्चाचा आरोप टिकला नाही.

आणीबाणी जाहीर झाल्यानंतर त्याच वर्षी आणखी एक दुरुस्ती झाली. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. तोवर उमेदवाराचा खर्च निवडणुकीची अधिसूचना निघाल्याच्या तारखेपासून मोजला जाई. आता तो उमेदवारी दाखल झाल्यापासून मोजायचे ठरले. आणीबाणीने राज्यघटनेवर केलेले अनेक घाव १९७७ नंतर भरून निघाले. हा मात्र आजही तसाच आहे.

स्पष्टीकरणाचा परिणाम काय झाला, हे आपल्या महाराष्ट्राने १९९१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर मतदारसंघात पाहिले. यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यातील ती लढत न्यायालयात गाजली. १९९३ मध्ये तिचा निवाडा करताना सर्वोच्च न्यायालयाला खंत व्यक्त करावी लागली की मर्यादा फक्त उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चाला आहे, पक्ष वा इतर कोणी केलेला खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुरक्षित राहतो, आणि म्हणून कायदा वास्तवाच्या मागे पडला आहे. त्याआधी १९८५ मध्ये हेच स्पष्टीकरण घटनाबाह्य ठरविण्यास न्यायालयाने नकार दिला होता. मग १९९६ मध्ये निराळा मार्ग काढण्यात आला. जो पक्ष आपले हिशेब नीट ठेवतो आणि प्राप्तिकराचे विवरण भरतो, त्यालाच या सवलतीचा आधार घेता येईल, असे न्यायालयाने बजावले.

अखेरीस २००३ मध्ये, अटलजींच्या सरकारच्या काळात, स्पष्टीकरण बदलले. आता सूट उरली ती पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस नेते नेमता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला वीस. ही सुधारणा खरी होती, तिचे श्रेय द्यायला हवे. परंतु पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराची १९७४ पासूनची फट तशीच राहिली, आणि पक्षाच्या एकूण खर्चावर मर्यादा घालणारे कलम तेव्हाही आले नाही, आजही नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ एका सभेच्या हिशेबातून कळतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून चाळीस लाख रुपयांची मर्यादा आहे, लोकसभेच्या उमेदवाराला पंचाण्णव लाखांची. उमेदवाराला स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि एक नोंदवही सांभाळावी लागते. तिच्यात रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. खुर्ची, मंडप, चहा, वडापाव यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवून देतात. आयोगाचे पथक सभेचे चित्रीकरण करते, खुर्च्या मोजते आणि आपली समांतर नोंद ठेवते. दोन्ही नोंदींचा मेळ बसला नाही की नोटीस येते. ज्या कार्यकर्त्याने ही वही सांभाळली आहे, त्याला रात्री दोन वाजता चहाच्या पावत्या शोधणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

आता समजा, पक्षाचे एक बडे नेते हेलिकॉप्टरने आले आणि मैदानावर वीस लाख रुपये खर्चाची सभा झाली. उमेदवार व्यासपीठावर बसला, किंवा त्याचे नाव अथवा छायाचित्र फलकावर झळकले, तर सभेचा खर्च त्याच्या वहीत जातो. एका सभेत त्याची अर्धी मर्यादा संपते. तोच उमेदवार घरी बसला, फलकावर केवळ चिन्ह आणि पक्षाध्यक्षांचे छायाचित्र राहिले, तर तेच मैदान, त्याच खुर्च्या, तेच श्रोते, आणि त्याच्या वहीत शून्य. हेलिकॉप्टरचा खर्च तर तसाही पक्षाचा; उमेदवार त्यातून बरोबर फिरला तरच प्रवासखर्चाचा निम्मा वाटा त्याच्यावर येतो. वृत्तपत्रातील पानभर जाहिरात, भ्रमणध्वनीवरचे संदेश, चौकाचौकांतले चिन्हांचे फलक यांचेही तेच. एका हाताने आयोग वडापाव मोजतो आणि त्याच्या दुसऱ्या हाताखालून पानभर जाहिरात निघून जाते.

कालावधीचा प्रश्नही पाहा. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याचा हिशेब सव्वीस दिवसांचा. आधी छापलेले साहित्य त्या दिवसांत वापरले तर ते धरले जाते, हे खरे. पण त्याआधी वर्षभर झालेली शिबिरे, यात्रा, वाटप, सणांच्या शुभेच्छांचे फलक हे सारे हिशेबाबाहेर.

समतेला धक्का बसतो तो येथे. मतदानयंत्रासमोर उद्योगपती आणि त्याचा वाहनचालक सारखेच, परंतु यंत्रावर कोणाची नावे असतील हे त्याआधी ठरलेले असते. पक्षाचे काम वीस वर्षे करणारा शाळामास्तर तिकीट मागायला जातो तेव्हा पहिला प्रश्न विचारला जातो, ‘खर्चाचे काय?’ हा प्रश्न चाळीस लाखांविषयी नसतो, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. आमच्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी एके काळी घरची भाकरी बांधून, सायकलवर प्रचार केला, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तो करताना आजच्या उमेदवारयादीकडेही पाहावे. हा रोग कोणा एका पक्षाचा नाही. निवडणूक रोखे ज्या सरकारने आणले ते आपल्याला जवळचे होते. पैसा बँकेमार्गे यावा हा हेतू चांगला मानला, तरी देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविणे समर्थनीय नव्हते. कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्के नफ्याची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकणेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने या दोन्ही गोष्टी रद्द केल्या, हे योग्यच झाले.

पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणे अशक्य आहे, असे सांगितले जाते. ब्रिटनने उमेदवाराच्या खर्चावर परिणामकारक नियंत्रण १८८३ मध्येच आणले आणि २००० च्या कायद्याने राष्ट्रीय प्रचारासाठी पक्षांनाही मर्यादा घातली. पक्ष जितके मतदारसंघ लढवील त्या प्रत्येकामागे ठरावीक रक्कम धरायची, अशी ती पद्धत. २०२३ पासून ही रक्कम ५४ हजार पौंडांच्या आसपास आहे. मुख्य म्हणजे तेथे सार्वत्रिक निवडणुकीसाठी पक्षाचा खर्च मतदानापूर्वीच्या वर्षभराचा मोजला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये उलट दिशा धरली. प्रचारखर्च म्हणजे एक प्रकारे भाषणच, म्हणून खर्चावर मर्यादा नको, असे तेथे ठरले. आपल्या न्यायालयाने त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी सामान्य माणसाची संधी श्रेष्ठ मानली होती. आपली वाट ब्रिटनच्या जवळची आहे. लोकसभा निवडणुकीनंतर नव्वद आणि विधानसभेनंतर पंच्याहत्तर दिवसांत पक्षांना आयोगाकडे खर्चाचे विवरण द्यावे लागतेच, तेव्हा हिशेबाची वही अस्तित्वात आहे. तिला वरची रेघ तेवढी नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. पक्षाला मर्यादा घातली की पैसा ‘हितचिंतकां’च्या नावाने वाहू लागेल. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यासाठी खर्च करणे हा आपल्याकडे पूर्वीपासून गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्याला कमाल पाचशे रुपये दंड होता. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत तो वाढवून दहा हजार करण्यात आला. म्हणजे १९७१ मध्ये दिल्ली सदरच्या उमेदवाराला संपूर्ण निवडणुकीसाठी जेवढी खर्चमर्यादा होती, तेवढा.