गेम खेळायचा पगार मिळतो म्हणे!

"मजा आहे यार तुझी, गेम खेळायचा पगार मिळतो!" हे वाक्य मी टेस्टिंगमध्ये आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं हसतो. माझं मत विचाराल तर टेस्टरचं काम बग सापडल्यावर संपत नाही, तिथे सुरू होतं. तोच बग दुसऱ्याला हमखास दाखवता आला पाहिजे.

आमचा दिवस नवीन बिल्डने सुरू होतो. गेम चालू होतो का, सेव्ह होतो का, एवढं आधी बघायचं. ही स्मोक टेस्ट. इथेच गाडी अडली तर पुढचं तपासण्यात अर्थ नाही. मग काल दुरुस्त झालेले बग पुन्हा तपासायचे आणि उरलेला दिवस नेमून दिलेल्या एकाच भागाशी झटापट.

समजा, लिफ्टमध्ये असलेला हिरो कधीकधी एकदम खाली कोसळून मरतो. "कधीकधी पडतो" एवढंच लिहिलंत, तर प्रोग्रॅमर दोनदा करून बघेल आणि "Cannot Reproduce" असा शेरा मारून परत पाठवेल. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. लिफ्टने १० वेळा वर गेलो, काही नाही. लिफ्टमध्ये उड्या मारल्या, काही नाही. लिफ्ट चालू असताना सेव्ह केलं आणि तेच सेव्ह लोड केलं, तर १० पैकी १० वेळा पडला! लिफ्ट थांबलेली असताना सेव्ह केलं तर एकदाही नाही. म्हणजे लोड करताना हिरो जुन्या उंचीवर येतो आणि लिफ्ट बहुधा तळमजल्यावर.

आता रिपोर्ट असा :

```
शीर्षक : चालत्या लिफ्टमधलं सेव्ह लोड केल्यावर हिरो खाली कोसळतो
बिल्ड, मशीन : (नेमका नंबर, नेमकं मॉडेल)
स्टेप्स : १. लिफ्ट सुरू करा २. मध्यावर सेव्ह करा ३. लोड करा
अपेक्षित : हिरो लिफ्टमध्ये उभा
प्रत्यक्षात : खाली पडून मरतो
किती वेळा : १०/१०
```

सोबत व्हिडिओ जोडायचा. कारणाचा अंदाज लिहायचा असेल तर 'अंदाज' म्हणूनच, वेगळा. दुरुस्ती झाली की नवीन बिल्डवर त्याच स्टेप्स पुन्हा करायच्या, शिवाय गेममधली ट्रेन आणि होडीही बघायची, कारण एक सांधताना दुसरं उसवतं. मगच बग बंद.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी कोर्सची फी भरण्याआधी 'सुपरटक्सकार्ट' हा मोफत, ओपन सोर्स रेसिंग गेम घ्यावा. त्याचे बग गिटहबवर सगळ्यांना दिसतात. आधी बंद झालेले २० रिपोर्ट वाचा. मग एखादा जुना, उघडा रिपोर्ट घ्या आणि तो बग ताज्या व्हर्जनवर अजून होतो का ते स्टेप्ससकट लिहा. नवीन बग सापडला तर तो आधी कोणी नोंदवलाय का ते शोधा, कारण डुप्लिकेट रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याचा वेळ फुकट. असे पाच नेटके रिपोर्ट इंटरव्ह्यूला घेऊन जा. "मला गेम्स खूप आवडतात" हे तर तिथे रांगेतला प्रत्येक जण सांगणारच आहे.