३,८८५ डॉक्टर बोलले. गप्प किती राहिले?

ऑगस्ट २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने रात्रपाळीतील सुरक्षिततेविषयी गूगल फॉर्मद्वारे सर्वेक्षण केले. ३,८८५ डॉक्टरांनी उत्तरे दिली. सुमारे एक तृतीयांशांना असुरक्षित वाटत होते. परंतु हा आकडा देशातील सर्व डॉक्टरांना लावणे गैर आहे. उत्तरे देणाऱ्यांपैकी ८५ टक्के पस्तिशीच्या आतले होते. रायपूरच्या समता कॉलोनीत दवाखाना चालवणारा पन्नाशीचा डॉक्टर त्यांत क्वचितच सापडेल. शिवाय खुला फॉर्म किती जणांपर्यंत पोहोचला हेच ठाऊक नसेल, तर प्रतिसादाचे प्रमाण काढायचे कसे? नोंदणीयादीतून यदृच्छेने हजार नावे निवडावीत, तीनदा स्मरणपत्रे धाडावीत आणि उशिरा आलेली उत्तरे आधीच्यांशी ताडून पाहावीत. मग उरलेल्यांपैकी काहींना दूरध्वनीवर तोच एक प्रश्न विचारावा. तेथे उत्तर बदलले, तर मौनाने निष्कर्ष वाकवला आहे, असे समजावे.