कोळशाचे भाडे मोजता, तारांचे का मोजत नाही?

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात कोळसा शेकडो किलोमीटर रेल्वेने येतो. त्या वाहतुकीचा रुपया न् रुपया केंद्राच्या बदलत्या दरात मिळवला जातो, आणि त्या दराने ते मेरिट ऑर्डरच्या यादीत खाली ढकलले जाते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रे खाणींच्या जवळ आहेत. त्यांचा कोळसा स्वस्तात पोहोचतो, म्हणून ती यादीत वर बसतात. इथपर्यंत तक्रार नाही. पण विदर्भातली वीज मुंबई-पुण्याकडे आणताना वाटेत तारा तापवण्यात जी वीज खर्ची पडते, तिचे भाडे या केंद्रांच्या दरात कोण मिळवतो? कोणीही नाही! राज्यांतर्गत पारेषणाची हानी एका सामाईक खात्यात टाकून सगळ्यांवर सारखी वाटली जाते. रेल्वेचे भाडे मोजायचे आणि तारांचे सोडून द्यायचे, हा हिशेब नव्हे. ही ग्राहकाच्या खिशावरची उघड लूट आहे.

अनेक केंद्रांनी मिळून एक मागणी भागवायची, तर कोणी किती वीज द्यावी? इथे सरासरी खर्चाचा काही उपयोग नाही. प्रत्येक केंद्राला आणखी एक मेगावॅट वाढवायला किती रुपये लागतात, हा वाढीव खर्च पाहायचा. एकाचा वाढीव खर्च दुसऱ्यापेक्षा कमी असेल, तर पहिल्याकडून थोडी वीज वाढवून दुसऱ्याकडची कमी केली की पैसे वाचतात. असे करत करत सगळ्यांचा वाढीव खर्च समान झाला, म्हणजे वाचवण्याजोगे काही उरले नाही. जे केंद्र आपल्या कमाल वा किमान मर्यादेला टेकले, ते तेवढे या नियमातून सुटते. सगळी केंद्रे एकाच ठिकाणी उभी असती, तर आमचे म्हणणे इथेच संपले असते. पण ती एका ठिकाणी नाहीत.

एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. मुंबईत 1000 मेगावॅटची मागणी आहे. दूरच्या केंद्राचा वाढीव खर्च युनिटला 2 रुपयांपासून सुरू होतो, जवळच्याचा 2 रुपये 40 पैशांपासून, आणि दोघांचाही दर 100 मेगावॅटमागे 10 पैशांनी चढतो. तारांमधली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दूरच्या केंद्रातून 100 मेगावॅट निघाले, तर वाटेत 1 मेगावॅट जाते; 700 निघाले, तर 7 नव्हे, 49 जातात. जवळच्या केंद्राची हानी शून्य धरू.

आता आजच्या पद्धतीने, म्हणजे केंद्राच्या फाटकावरचा वाढीव खर्च समान करून, वीज वाटा. दूरचे केंद्र 726 मेगावॅट देते, जवळचे 326, आणि सुमारे 53 मेगावॅट तारांमध्ये जळतात. फाटकावर दोघांचाही दर 2 रुपये 73 पैसे. कागदावर सगळे चोख! पण दूरच्या केंद्राला आणखी 10 मेगावॅट वाढवायला सांगा. मुंबईत पोहोचतात फक्त साडेआठ. सरासरी हानी सव्वासात टक्केच आहे, तरी शेवटच्या मेगावॅटची हानी तिच्या दुप्पट, साडेचौदा टक्के पडते, कारण नवा मेगावॅट आधीच भरलेल्या तारांवरून येतो. म्हणजे त्या शेवटच्या युनिटचा मुंबईतला खरा भाव 3 रुपये 19 पैसे झाला. शेजारचे केंद्र तेच युनिट 2 रुपये 73 पैशांत द्यायला तयार बसले आहे, आणि आपण त्याला बॅकडाउनचा आदेश देतो!

योग्य रीत अशी: प्रत्येक केंद्राच्या वाढीव खर्चाला त्याच्या पेनल्टी फॅक्टरने गुणायचे आणि तो गुणाकार समान करायचा. शेवटच्या मेगावॅटपैकी जेवढा भाग पोहोचतो, त्याने एकाला भागले की हा गुणक मिळतो. आमच्या उदाहरणात मग दूरचे केंद्र 556 वर येते, जवळचे 475 वर चढते, आणि हानी 53 वरून 31 मेगावॅटवर उतरते. फाटकावरचे दर आता समान राहत नाहीत; दूरच्याचा 2 रुपये 56 पैसे, जवळच्याचा 2 रुपये 87 पैसे. दर तासाला सुमारे 34 हजार रुपये वाचतात, दिवसाला आठ लाखांवर. एक नवा टॉवर उभारावा लागत नाही, एक टन कोळसा शोधावा लागत नाही.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. लिऑन किर्चमेयर यांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात हे गणित सविस्तर मांडले. अमेरिकेतल्या पीजेएम या वीजबाजाराने 2007 पासून सीमांत हानी दरात धरली. आणि आपण? आपण उलट्या पावली चाललो. आंतरराज्य जाळ्यावर 2011 पासून ठिकाणानुसार हानी धरण्याची पद्धत होती. केंद्रीय आयोगाच्या 2020 च्या नियमांनी ती काढून देशभर एकच सरासरी हानी लागू केली. 2019 मध्ये राष्ट्रीय पातळीवर किफायतशीर प्रेषणाचा प्रयोग सुरू झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो; पण त्यातही प्रत्येक केंद्राचा एकच ठरीव बदलता दर धरतात. भार बदलला की कार्यक्षमता बदलते, हे ज्या दराला दिसत नाही, त्याला वाढीव खर्च म्हणावे तरी कसे?

सरासरीच्या बाजूने एकच युक्तिवाद ऐकू येतो: ठिकाणानुसार हानी धरली, तर दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्यावर जादा भार पडेल. ही भीती खरी आहे, आम्ही ती झटकून टाकणार नाही. पण कोणते केंद्र किती चालवायचे हा एक प्रश्न, आणि बिल कोणाला किती लावायचे हा दुसरा. प्रेषण पेनल्टी फॅक्टरने करा आणि बिल खुशाल सगळ्यांना सारखे वाटा. एकूण खर्च घटला, तर त्या शेतकऱ्याचा वाटाही घटतो. शेतकऱ्याचे नाव पुढे करून चुकीच्या हिशेबाला संरक्षण देणे हा त्याच्यावरचाच अन्याय आहे.

हा गुणक एकदा काढून वर्षभर वापरता येत नाही, हेही स्पष्ट सांगतो. संध्याकाळी तारा भरलेल्या असतात तेव्हा तो चढतो. दुपारी मागणीच्या जवळची सौर वीज आली, की दूरवरून येणारा प्रवाह आटतो आणि गुणक एकाकडे झुकतो. ज्या केंद्राची वीज जाळ्यावरचा भार हलका करते, त्याचा गुणक एकाहूनही कमी निघतो. चंद्रपूर-पडघे ही 500 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी तर स्वतंत्र गणित मागते, कारण तिच्यावर किती वीज सोडायची हे नियंत्रक स्वतः ठरवतो. एखादी वाहिनी तिच्या क्षमतेला पोहोचली, तर हानीच्या आधी ती मर्यादा पाळावी लागते. पण हिशेब दर पंधरा मिनिटांनी बदलतो म्हणून तो करायचाच नाही, हे उत्तर संगणकाच्या युगात कोणी कसे देऊ शकते? भारप्रवाहाच्या प्रतिमानात एका केंद्राला एक मेगावॅट वाढवायचे आणि मुंबईजवळच्या संदर्भ केंद्राला किती कमी करता आले ते पाहायचे. काम एवढेच आहे.

एकलहरे उद्याच यादीत वर येईल, असा आमचा दावा नाही. कोळशाच्या दरातला फरक हानीपेक्षा मोठा असेल, तर ते खालीच राहील, आणि राहावे. पण तो निकाल पूर्ण हिशेबाने लागला पाहिजे. म्हणून आमची मागणी नेमकी आहे. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राने गेल्या बारा महिन्यांच्या प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी प्रत्येक केंद्राचा पेनल्टी फॅक्टर काढावा. तो धरून प्रेषण केले असते, तर खर्च किती झाला असता आणि प्रत्यक्षात किती झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवून प्रसिद्ध करावेत. आणि राज्य वीज नियामक आयोगाने पुढच्या दरनिश्चितीची सुनावणी त्या आकड्यांशिवाय सुरू करू नये.