चंद्रोदयाच्या वेळेला गाव असते

संकष्टीच्या सकाळी ‘आज चंद्रोदय रात्री अमुक वाजता’ असा संदेश देशभर फिरतो. त्यात गावाचे नाव नसते. माझ्या मते गावाचे नाव नसलेली ही वेळ अपुरीच नव्हे, तर निरुपयोगी आहे.

मुंबई आणि दिल्ली यांचे उदाहरण घेऊ. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण दिल्ली मुंबईच्या सुमारे ४.३ अंश पूर्वेस आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे दिल्लीत चंद्र साधारण १७ मिनिटे आधी उगवायला हवा. एवढ्यावर हिशेब संपला असता, तर हा फरक वर्षभर तोच राहिला असता. तसे होत नाही.

आश्विन वद्य चतुर्थीला, म्हणजे उत्तर भारतातील करवा चौथीला, चंद्र बहुधा रोहिणी-मृगाच्या परिसरात, खगोलीय विषुववृत्ताच्या बराच उत्तरेस असतो. उन्हाळ्यात दिल्लीचा सूर्य ज्या कारणाने मुंबईपेक्षा अधिक काळ क्षितिजावर राहतो, त्याच कारणाने असा चंद्र दिल्लीत आणखी लवकर उगवतो. चंद्राची क्रांती उत्तर २० अंश असेल, तर अक्षांशामुळे आणखी सुमारे १७ मिनिटांची भर पडते आणि एकूण फरक अर्ध्या तासाहून अधिक होतो. क्रांती आणखी वाढली की तो ४० मिनिटांवरही जातो. वैशाख-ज्येष्ठातील संकष्टीला चंद्र दक्षिणेस असतो. तेव्हा हीच १७ मिनिटे उलट दिशेने मोजली जातात आणि दोन्ही शहरांत चंद्र जवळजवळ एकाच वेळी उगवतो. म्हणून ‘मुंबईच्या वेळेतून इतकी मिनिटे वजा करा’ असा कायमचा नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

स्थानिक वेळ पाहायची तर स्टेलॅरियमसारख्या मोफत संगणकप्रणालीत आपले गाव आणि तारीख भरावी व चंद्रावर टिचकी मारावी. उदयाची वेळ तेथेच दिसते. ऑनलाइन पंचांग वापरताना आधी वर निवडलेले शहर तपासावे, कारण ते पुष्कळदा दुसरेच असते. तारीखही पाहावी: चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. दोन विश्वसनीय स्रोतांत दोन-तीन मिनिटांचा फरक आढळला, तर घाबरण्याचे कारण नाही. एकाने चंद्रबिंबाची वरची कड धरलेली असते, दुसऱ्याने मध्य. वातावरणीय वक्रीभवन आणि लंबन यांचा विचारही सर्वत्र सारखा नसतो.

गणित मात्र सपाट क्षितिजाचे असते. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते. पूर्वेची इमारत किंवा डोंगर एवढा उंच असेल, तर छापील वेळेनंतर जवळपास पाऊण तास चंद्र दिसणारच नाही.

तिथीचे मात्र असे नाही. चतुर्थी देशभर एकाच क्षणी लागते, चंद्रोदय प्रत्येक गावी वेगळा. चतुर्थी लागण्याचा क्षण दोन शहरांच्या चंद्रोदयांच्या मधोमध आला, तर पूर्वेकडच्या शहराची संकष्टी दुसऱ्या दिवशी येऊ शकते, आणि दोन्ही पंचांगे बरोबर असतात.