फोन बंद ठेवला; फोटोखाली काय लिहाल?

दापोली तालुक्यातल्या मुरुडला शनिवार-रविवार जायचं, फोन बंद ठेवायचे, सोमवारी समुद्राचा फोटो टाकायचा. हे आपल्या वस्तीतली मुलंमुलीही आता करतात, आणि करावंही. अडचण फोटोखालच्या ओळीची आहे.

समजा ओळ अशी आहे : ‘मोबाइलच्या गुलामगिरीतून मुक्त! हेच खरं जगणं. तुम्ही अजूनही स्क्रीनमध्येच?’

यातले तीन शब्द तपासा. ‘खरं’ म्हटलं की बाकीच्यांचं जगणं खोटं ठरतं. ‘अजूनही’ म्हटलं की वाचणारा मागे पडलेला ठरतो. आणि ‘गुलामगिरी’ हा शब्द आपल्या समाजाला काय सांगतो, ते वेगळं सांगायला नको. तो रीलच्या सवयीला लावू नये.

वाचणारं कोण आहे ते पाहा. घरकामाला जाणाऱ्या ताईंना ‘उद्या येऊ नका’ हा निरोप फोनवरच येतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने फोन बंद ठेवला तर त्या दिवसाची कमाई बंद. मुरुडशेजारच्या हर्णे बंदरातून होडी नेणाऱ्याला वादळाचा इशाराही फोनवर मिळतो. यांचा फोन चालू असतो तो व्यसनामुळे नव्हे. कित्येक घरांत तर एकच फोन आणि रिचार्ज संपलेला. ते सक्तीने ऑफलाइन असतात, त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण घ्या. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा, असं गावाने ठरवलं. मुलांचा अभ्यास व्हावा हा हेतू. वेळ ठरलेली, नियम सगळ्यांना सारखा. म्हणून त्यात कोणी कोणापेक्षा मोठा ठरत नाही.

आपल्या ओळीतही तेच आणता येतं. किती वेळ बंद ठेवला ते लिहा. कोणाच्या आधाराने जमलं ते लिहा. जड गेलं तेही लिहा. उदाहरणार्थ :

‘शनिवार-रविवार मुरुडला होतो. फोन बंद होते. तातडीसाठी ताईचा एक चालू होता, फोटोही त्यावरचाच. पहिल्या संध्याकाळी हात सारखा खिशाकडे जात होता. रात्री झोप मात्र लागली. ज्यांचे फोन उचलता आले नाहीत, त्यांना आज करतो.’

यात उपदेश नाही, आणि आरोग्याचा खोटा दावाही नाही. दोन दिवसांत सवय सुटत नाही. सोमवारी तोच फोन पुन्हा उशाशी येतो. झोपेपुरता तो उशापासून लांब ठेवणं वस्तीतल्या एका खोलीतही जमू शकतं, त्याला मुरुड लागत नाही.

टाकण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा. रात्रपाळी करून आलेल्या भावासमोर ती म्हणायला संकोच वाटला, तर बदला.